पॅनेल, प्लेट की मॉड्यूल? अठरा व्हिडिओंच्या कोर्समधले शब्द एकसारखे करताना

"पॅनेलमधून आलेली वायर पॅनेलला जोडण्याआधी पॅनेल बंद करा." सोलरच्या कोर्सच्या सातव्या स्क्रिप्टमधलं हे वाक्य लिहिणाऱ्याला अगदी स्पष्ट होतं. पहिलं पॅनेल गच्चीवरचं, दुसरं भिंतीवरच्या डब्यातलं. तिसरं कुठलं, ते ऐकणाऱ्या वायरमनने ठरवायचं. आणि इथे नुसता गोंधळ होऊन भागत नाही, कारण ऊन असेपर्यंत गच्चीवरचं पॅनेल बंद होतच नाही, त्याच्या टोकांवर व्होल्टेज असतंच.

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या वायरमन मंडळींसाठी, सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवण्याचा असा एक मराठी कोर्स उदाहरण म्हणून घेऊ. अठरा व्हिडिओ, प्रत्येकी साधारण दहा मिनिटांचे, सगळे मिळून वीस हजारांच्या आसपास शब्द. लिहिणारे तिघे: साइटवर काम करणारा ठेकेदार, आयटीआयमध्ये शिकवणारे सर आणि एक स्क्रिप्ट लेखिका. ठेकेदार 'प्लेट' म्हणतो, सर 'मॉड्यूल' लिहितात, लेखिका 'पॅनेल'. पाच व्हिडिओ आधीच रेकॉर्ड झालेत. बहुतेक कोर्स शब्दांकडे लक्ष द्यायला याच टप्प्यावर येतात, म्हणून इथूनच सुरुवात करू.

आधी सगळा मजकूर एका जागी

अठराही स्क्रिप्ट साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढून `txt` नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवा. नावं `01.txt` ते `18.txt`, एन्कोडिंग यूटीएफ-८. स्क्रिप्टबरोबर बाकीचं लिखाणही घ्या: पडद्यावरच्या पट्ट्या, सबटायटल, प्रश्नमंजुषा, डाउनलोडची पीडीएफ. विसंगती सापडते ती बहुतेक वेळा या बाकीच्या लिखाणातच, कारण ते शेवटच्या रात्री तिसराच कोणी टाइप करतो.

एखादी स्क्रिप्ट जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर फॉन्ट बदलून बघा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. तसं केलं नाही तर पुढचा प्रत्येक शोध त्या फाइलसाठी "एकही सापडला नाही" असं सांगेल आणि तुम्ही ती फाइल स्वच्छ आहे असं समजून पुढे जाल.

दिसायला एक, आत वेगळे

शब्द ठरवण्याआधी एक साफसफाई लागते, आणि ती डोळ्यांनी होत नाही. 'ॲप' हा शब्द घ्या. त्यातला ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून U+0972 या जागी २००८ मध्ये आला. त्याआधीच्या आणि नंतरच्याही अनेक कीबोर्डांवर तो 'अ' वर चंद्र चढवून टाइप होतो, कधी मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून, तर कधी हिंदीतला ऍ वापरून. पडद्यावर हे सगळे जवळजवळ सारखे दिसतात. मात्र तुम्ही 'ॲम्पिअर' शोधलंत तर बाकी रूपांतले ॲम्पिअर सापडत नाहीत. 'ऑ'चंही तेच. जुन्या फॉन्टमधून रूपांतरित झालेल्या मजकुरात तो 'आ' आणि चंद्र अशा दोन तुकड्यांत येतो, आणि 'मॉड्यूल'मधला ॉ काना अधिक चंद्र असा. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो, ती तिसरी जोडी.

युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण या जोड्या एक करत नाही. त्या आपणच सांगाव्या लागतात. पायथनमध्ये ते एवढंच आहे:

```python
import re, unicodedata

def saaf(t):
    t = unicodedata.normalize("NFC", t)
    t = t.replace("\ufeff", "").replace("\u200b", "")
    t = re.sub("\u0905\u200d?\u0945", "\u0972", t)
    t = t.replace("\u090d", "\u0972")
    t = t.replace("\u0906\u0945", "\u0911")
    t = t.replace("\u093e\u0945", "\u0949")
    t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    return t
```

एक रूप मुद्दाम सोडलंय: चंद्रबिंदू असलेला अँ. 'अँपिअर' लिहिणाऱ्याला 'ॲम्पिअर' म्हणायचं असतं, पण 'अँटेना'मध्ये अनुस्वार खराच आहे. तो निवाडा यंत्राकडे देऊ नका. सगळे 'अँ' शोधून एकेक बघा, वीस हजार शब्दांत ते फार नसतात. उरलेली न दिसणारी जोडचिन्हंही सरसकट काढू नका, काही ठिकाणी ती अक्षराचा आकार नीट ठेवण्यासाठी मुद्दाम घातलेली असतात.

शब्दांची गणती

आता सगळ्या फायलींतल्या प्रत्येक शब्दाची गणती अकारविल्हे काढा.

```python
import collections, pathlib

g = collections.Counter()
for f in sorted(pathlib.Path("txt").glob("*.txt")):
    t = saaf(f.read_text(encoding="utf-8"))
    g.update(re.findall("[\u0900-\u0963\u0971-\u097f\u200c\u200d]+", t))
for s in sorted(g):
    print(g[s], s, sep="\t")
```

शब्द पकडायला इथे `\w+` का वापरलं नाही? पायथनच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही 'शब्दातली अक्षरं' नाहीत. त्यामुळे `\w+` 'इन्व्हर्टर'चे तुकडे करतं आणि यादी कचरा होते. शब्दाच्या सीमेसाठीचं `\b` तर जास्त फसवं. `\bसेल\b` शोधलं तर ते 'सेल्सिअस'मध्येही सापडतं, कारण 'ल'नंतरचा हलन्त त्याला शब्दाचा शेवट वाटतो. सोलरच्या कोर्समध्ये सेल आणि सेल्सिअस दोन्ही पानोपानी असतात.

यादी हातात आली की बाजूबाजूची जुळी भावंडं दिसायला लागतात: इनव्हर्टर, इन्वर्टर, इन्व्हर्टर, ग्रिड, ग्रीड, युनिट, यूनिट. हे काम कागदावर छापून, पेन्सिल घेऊन केलेलं बरं. पडद्यावर डोळा सरकत जातो आणि वेलांटी निसटते. अकारविल्ह्यात जवळ न येणारी पण अर्थाने एक असलेली नावं (प्लेट, पॅनेल, मॉड्यूल) मात्र यादी दाखवत नाही. त्यासाठी ज्या वस्तू कोर्समध्ये हाताळल्या जातात त्यांची चित्रं समोर ठेवा आणि प्रत्येक वस्तूखाली अठरा स्क्रिप्टमध्ये तिला काय काय म्हटलंय ते लिहा. तिघेही लेखक त्या वेळी एकाच टेबलाशी हवेत.

कोणता शब्द ठेवायचा

पॅनेलपासून सुरू करू. वायरमनच्या तोंडी 'पॅनेल' हा शब्द आधीपासूनच गुंतलेला आहे: सोसायटीच्या मीटर रूममधलं स्विचगिअरचं लोखंडी कपाट म्हणजे पॅनेल. म्हणून गच्चीवरच्या वस्तूसाठी तो शब्द या प्रेक्षकांपुढे चालत नाही, बाकी जगात कितीही चालत असला तरी. 'प्लेट' सगळ्यांना कळतं, पण खरेदीच्या बिलावर, डेटाशीटवर आणि वस्तूच्या मागच्या लेबलवर 'मॉड्यूल' असतं. शिकणाऱ्याला ते वाचावंच लागणार आहे. तेव्हा निर्णय: वस्तू 'मॉड्यूल', तिच्या आतले चौकोन 'सेल', एकामागोमाग जोडलेली मॉड्यूलं म्हणजे 'स्ट्रिंग', आणि भिंतीवरचे वितरणाचे डबे म्हणजे डीसी बाजूचा 'डीसीडीबी' व एसी बाजूचा 'एसीडीबी'. पहिल्या व्हिडिओत एकदाच सांगायचं, "बाजारात ज्याला प्लेट किंवा सोलर पॅनेल म्हणतात, त्याला आपण मॉड्यूल म्हणणार आहोत." व्हिडिओच्या शीर्षकात मात्र 'सोलर पॅनेल' राहू दे, कारण लोक शोधतात तेच. हा अपवाद शब्दसूचीत लिहून ठेवा, नाहीतर कोणीतरी इमानदारीने तोही दुरुस्त करतो.

मग सातव्या स्क्रिप्टमधलं ते वाक्य असं होतं: "मॉड्यूलकडून आलेली केबल डीसीडीबीला जोडण्याआधी डीसीडीबीमधला आयसोलेटर बंद करा. मॉड्यूलच्या बाजूच्या टोकांवर व्होल्टेज तरीही असतं." बघा, शब्द नक्की केल्यावर आधीच्या वाक्यात एक सूचनाच राहून गेली होती ते आपोआप उघडं पडलं. तिसरं 'पॅनेल' म्हणजे आयसोलेटर होता, आणि त्याचं नावच घेतलेलं नव्हतं.

'करंट'ची गंमत वेगळी. आयटीआयचे सर 'विद्युतधारा' आणि 'विभवांतर' लिहितात. शालेय पुस्तकांत तेच शब्द आहेत आणि बरोबरच आहेत. पण हा प्रेक्षक क्लॅम्प मीटर हातात घेऊन 'करंट' आणि 'व्होल्टेज' म्हणतो, तेव्हा तेच ठेवायचे. फक्त आपल्याकडे 'करंट' दोन अर्थांनी वापरतात: "करंट मोजा" आणि "करंट बसला". दुसऱ्या जागी कोर्सभर 'शॉक' वापरायचा. नेमकेपणासाठी दर वेळी संस्कृतातलाच शब्द लागतो असं नाही. एका शब्दाला एकच काम दिलं तरी बऱ्याचदा पुरतं. त्याच न्यायाने 'किलोवॅट' ही फक्त क्षमता आणि 'युनिट' ही फक्त तयार झालेली किंवा वापरलेली वीज. १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास हे एकदा समजावून सांगितलं की "महिन्याला तीनशे किलोवॅट वीज" असलं वाक्य पुन्हा येता कामा नये.

शुद्धलेखनाचे वाद यापेक्षा लवकर मिटतात, पण एका जागी अडतात. अकारान्त शब्दाचं उपान्त्य दीर्घ या सवयीने अनेक जण 'ग्रीड' लिहितात. परकीय शब्दात उच्चार बघून ऱ्हस्व ठेवणारे 'ग्रिड'. या कोर्ससाठी 'ग्रिड', 'युनिट', 'मॉड्यूल' असं ठरवलं आणि बाजूला कारण लिहिलं, की झालं. अर्धा तास वाद घालण्याइतकी ती गोष्ट मोठी नाही. विशेषनामांचं तसं नाही, तिथे आपल्याला निवडच नसते. 'बेलापूर'मधला पू दीर्घच, ग्रामनामातल्या 'पूर'साठी लेखननियमांत तशी सोय आहे. 'महावितरण' लिहायचं, 'एमएसईबी' नाही, कारण त्या मंडळाचं विभाजन २००५ मध्येच झालं. ग्राहकाचा संवाद असेल तर त्याच्या तोंडी 'एमएसईबी' राहू द्या, लोक अजून तसंच बोलतात. सरकारी योजनेचं नाव अधिकृत पोर्टलवर हिंदीत 'मुफ्त बिजली' असं दिसतं, आणि मराठी बातम्यांत 'मोफत वीज'. निवेदनात मराठी नाव, आणि पडद्यावर पोर्टल उघडलेलं असेल तेव्हा जे दिसतं तेच वाचायचं.

शब्दसूचीत काय लिहायचं

इंग्रजी शब्दसूचीचा साचा उचलला तर मराठीत दोन रकाने कमी पडतात: लिंग आणि सामान्यरूप. 'इन्व्हर्टर' तो, 'बॅटरी' ती, 'मॉड्यूल' ते. 'केबल' मात्र एक जण 'तो केबल' लिहितो, दुसरा 'ती केबल', आणि मग क्रियापदापर्यंत सगळं बदलतं. अनेकवचनही ठरवा: 'मॉड्यूल्स' नको, 'मॉड्यूलं'. गावांच्या नावांना तर हा रकाना हवाच. 'कोपरखैरणेमध्ये' असं बोलणारा माणूस भेटणं कठीण, तो 'कोपरखैरण्यात' म्हणतो. 'तुर्भ्याला', 'दिघ्यात', 'ठाण्याहून' हीही रूपं लिहून ठेवा.

| ठरलेला शब्द | लिंग, रूपं | चालणार नाही | उच्चार | शेरा |
|---|---|---|---|---|
| मॉड्यूल | ते. मॉड्यूलला, मॉड्यूलं | प्लेट, पॅनेल, मॉड्युल | | शीर्षकात 'सोलर पॅनेल' चालेल |
| अर्थिंग | ते. अर्थिंगचं | अर्थ, ग्राउंडिंग | | वायरीला 'अर्थिंगची वायर' |
| फ्यूज | तो. फ्यूजचा | फ्युज, फ्यूझ | ज 'जीवन'मधल्या ज सारखा नाही, 'जमीन'मधल्या ज सारखा | |

उच्चाराचा रकाना निवेदकासाठी. देवनागरीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत, आणि 'जंक्शन' व 'फ्यूज' या दोन्हींत ज एकच दिसतो. सूची चाळीस ते साठ शब्दांची झाली की थांबा. त्याहून लांब सूची कोणी वाचत नाही.

बदलताना

फक्त शुद्धलेखन बदलायचं असेल तर मूळ शब्दच बदला, प्रत्ययासकट नाही. परकीय शब्दाला प्रत्यय सहसा थेट लागतो, म्हणून 'इन्वर्टर' चं 'इन्व्हर्टर' केलं की 'इन्वर्टरला', 'इन्वर्टरमधून' आपोआप सुधारतात.

शब्दच बदलायचा असेल तर 'सगळे बदला' या बटणापासून हात दूर ठेवा. 'प्लेट' च्या जागी 'मॉड्यूल' टाकलं की "प्लेट तिरकी बसली" चं "मॉड्यूल तिरकी बसली" होतं. आणि 'अर्थ' चं 'अर्थिंग' करायला गेलात तर काय होतं ते एकदा बघाच:

"अर्थिंगात, याचा अर्थिंग असा की अर्थिंगिंग नीट झालेलं नाही."

'अर्थात', 'अर्थ' आणि आधीच बरोबर असलेलं 'अर्थिंग' असे तिन्ही शब्द एका फटक्यात बिघडले. असे शब्द एकेक थांबून बदला. सुटा शब्दच शोधायचा असेल तर सीमा स्वतः लिहा:

```python
pat = r"(?<![\u0900-\u0963\u0971-\u097f])सेल(?![\u0900-\u0963\u0971-\u097f\u200c\u200d])"
```

याने 'सेल्सिअस' वाचतो. 'सेलचा' ही यात सापडत नाही, ते वेगळं शोधावं लागतं.

आकड्यांबाबत एक सावधगिरी. कोर्सभर देवनागरी आकडे ठरले म्हणून सबटायटलच्या `.srt` फाइलमध्येही सरसकट 0-9 चे ०-९ केले तर वेळेच्या ओळी मोडतात. `00:01:12,400 --> 00:01:15,000` ही ओळ आहे तशीच राहिली पाहिजे. बदल फक्त तिच्या खालच्या मजकुरात करायचा. बोलायचे आकडेही आधीच ठरवून टाका: स्क्रिप्टमध्ये '३.५' असेल तर एक निवेदक 'तीन पॉइंट पाच' वाचतो, दुसरा 'साडेतीन'. बोलायच्या जागी 'साडेतीन' असं अक्षरातच लिहा, पडद्यावरच्या पट्टीत ३.५.

रेकॉर्ड झालेल्या पाच व्हिडिओंचं काय

सगळे पुन्हा करायची गरज नसते. प्रत्येक चूक कानाला ऐकू येते का, हे आधी बघा. 'ग्रीड' आणि 'ग्रिड' मधला फरक निवेदनात फारसा ऐकू येत नाही. तिथे सबटायटल आणि पट्टी बदलली की काम झालं. दुसऱ्या व्हिडिओत निवेदक 'प्लेट' म्हणतोय, पण अर्थ बिघडत नाही, तिथे पहिल्यांदा शब्द येतो तेव्हा खाली 'प्लेट = मॉड्यूल' अशी पट्टी चार-पाच सेकंद ठेवा. सबटायटलमध्ये मात्र जे बोललंय तेच लिहा. कानावर 'प्लेट' आणि डोळ्यांसमोर 'मॉड्यूल' आलं की शिकणाऱ्याला त्या दोन वेगळ्या वस्तू वाटतात.

पुन्हा रेकॉर्ड करायची ती फक्त दिशाभूल करणारी वाक्यं. पाचव्यात कोणी 'पॅनेल बंद करा' म्हटलं असेल, तर तेवढं वाक्य तोच माइक, तेच अंतर आणि शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी घ्या. घोडबंदर रोडला लागून असलेल्या खोलीत सकाळच्या सातला घेतलेलं वाक्य संध्याकाळच्या रेकॉर्डिंगमध्ये चिकटवलं तर मागचा रहदारीचा आवाज बदललेला लगेच कळतो. त्या वाक्यावर निवेदकाचा चेहरा दिसत असेल तर वर हातांचं किंवा डब्याचं जवळून घेतलेलं चित्र टाका, म्हणजे ओठ जुळवण्याचा प्रश्नच येत नाही.

शेवटची फेरी

'चालणार नाही' या रकान्यातल्या शब्दांची एक साधी फाइल करा आणि ती अठरा स्क्रिप्ट, सबटायटल आणि पट्ट्यांच्या मजकुरावर चालवा. उरलेलं प्रत्येक सापडणं एक तर चूक असतं किंवा शेरा रकान्यात नोंदलेला अपवाद. तिसरा प्रकार सापडला तर सूचीत भर घालायची. पडद्यावरच्या ज्या पट्ट्या चित्र म्हणून बनवल्यात त्या या शोधात येत नाहीत. त्या प्रत्येक व्हिडिओतून थांबवून डोळ्यांनीच बघाव्या लागतात, आणि 'मॉड्युल' हमखास उरतो तो तिथेच.

सोळाव्या स्क्रिप्टमध्ये नवा शब्द आला तर लेखकाने तो स्वतः ठरवून पुढे जाऊ नये. सूचीच्या तळाशी तारीख घालून 'ठरायचं आहे' असं लिहावं आणि स्क्रिप्टमध्ये त्या शब्दाला पिवळा रंग द्यावा. स्क्रिप्टमध्ये पिवळं काही उरलं असेल तर ती निवेदकाकडे पाठवू नका.